धरण उचलणारं पाणी

मंडळी, धरणाच्या गॅलरीत, म्हणजे भिंतीच्या पोटातल्या बोगद्यात, जाऊन आलेला माणूस हमखास विचारतो, "आत पाणी झिरपतंय, धोका नाही ना?" कोयनेच्या जिल्ह्यात हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. त्याचं उत्तर हिशेबातूनच देतो.

४० मीटर उंच, तळाशी ३२ मीटर रुंद अशी त्रिकोणी भिंत घ्या. पाण्याकडची बाजू उभी, पाणी माथ्यापर्यंत. तिचा एक मीटर लांबीचा काप पाहू. काँक्रीट घनमीटरला २.४ टन धरलं तर वजन १५३६ टन आणि पाण्याचा आडवा रेटा ८०० टन. भिंत पलीकडच्या खालच्या कडेवर उलटवायला पाणी जेवढा मोमेंट, म्हणजे फिरवणारा जोर, लावतं, त्याच्या तिप्पट मोमेंट वजन विरुद्ध लावतं. इथवर सगळं निर्धास्त वाटतं.

पण खडकाच्या फटींतून पाणी तळाखाली शिरतं आणि भिंतीला वर ढकलतं. हा अपलिफ्ट. पाण्याकडे पूर्ण ४० मीटरचा दाब, पलीकडे शून्य, म्हणजे ६४० टन. खडकावर उरलं ८९६ टन. घर्षणाचा गुणांक ०.७५ धरला तर घर्षणातून ६७२ टनच मिळतात आणि रेटा आहे ८०० चा. शिवाय एकूण बल तळाच्या मधल्या तिसऱ्या भागाबाहेर जातं. मग पाण्याकडच्या कडेला ताण येतो, तिथे भेग पडली तर पाणी आणखी आत शिरतं.

म्हणून गॅलरीतून खडकात निचऱ्याची भोकं पाडतात. ती कडेपासून ४ मीटरवर असली आणि तिथे दाबातल्या फरकाचा एक तृतीयांशच उरला, तर अपलिफ्ट २९३ टनांवर येतो. झिरपणारं पाणी म्हणजे हाच दाब बाहेर पडतोय.

धरणाखालच्या पाण्याचा, टेल वॉटरचा, आधार मिळतो असं पुष्कळांना वाटतं. ५ मीटर टेल वॉटर उलट दिशेने रेटा देतं साडेबारा टन, उतारावर आणखी १० टनांचा भार टाकतं, पण निचरा चालू असतानाही अपलिफ्ट वाढवतं १२३ टनांनी. पुराच्या वेळी हे विसरायचं नाही.

आता गाळ. पाण्यासकट गाळाचा आडवा दाब पाण्याच्या १.३६ पट धरतात. १५ मीटर गाळ साचला की ४० टन जादा रेटा. सगळं मिळून रेटा ८२८ टन, उभा भार ११२९ टन, रेट्याचं भाराशी गुणोत्तर ०.७३. घर्षण जेमतेम पुरतं. उरलेली सुरक्षितता काँक्रीट आणि खडक यांच्या चिकटपणावर.

याच परिस्थितीत भोकं चुन्याच्या साक्याने बुजली तर उभा भार ८२६ टनांवर येतो, म्हणजे रेट्याइतकाच. म्हणून वाहणाऱ्या भोकापेक्षा मला कोरड्या पडलेल्या भोकाची काळजी जास्त वाटते. जलाशयाची पातळी तीच, गळती कमी, पण तळाखालचा दाबमापक चढतोय, असं दिसलं की भोकं पुन्हा ड्रिल करून घ्यायची.