‘येणार म्हणे’ आणि ‘येणार, असं ऐकलंय’

दोन वाक्यांपासून सुरुवात करू या. ‘अध्यक्ष राजीनामा देणार आहेत, असं मी ऐकलंय.’ आणि ‘अध्यक्ष राजीनामा देणार म्हणे.’ दोन्हींत बातमी एकच आहे, आणि बोलणाऱ्याला ती दुसऱ्याकडून कळलेली आहे हेही दोन्हींत कळतं. मग फरक काय? समोरचा माणूस ‘साफ खोटं!’ म्हणाला, तर तो नेमकं काय खोडतोय ते पाहा.

पहिल्या वाक्यात त्याला दोन जागा आहेत. अध्यक्ष राजीनामा देणार नाहीत, हे तर तो म्हणू शकतोच. पण ‘तू काहीही ऐकलेलं नाहीस, मनचं सांगतोयस’ असंही म्हणू शकतो. कारण ‘मी ऐकलंय’ हे स्वतःच एक विधान आहे. दुसऱ्या वाक्यात ‘खोटं’ हा शब्द थेट राजीनाम्यावर जाऊन आदळतो. ‘म्हणे’ला तो लागत नाही. फार तर ‘कोण म्हणालं?’ असं विचारता येईल, पण ते मागचा माग काढणं झालं, खोडणं नव्हे. नकाराचंही तेच. ‘तो आला असं ऐकलं नाही’ म्हणता येतं. ‘तो आला नाही म्हणे’ यात मात्र नकार येण्याचा आहे. ‘म्हणे’ला नकार जोडण्याची सोयच भाषेने ठेवलेली नाही.

आज मला एवढ्याच मुद्द्यावर बोलायचं आहे: माहिती कुठून आली हे सांगणं आणि ते सोबत दाखवणं, या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सांगण्याचं काम शब्द करतात, दाखवण्याचं काम व्याकरण करतं.

हे दाखवणं किती सक्तीचं असू शकतं याचं ठळक उदाहरण म्हणजे ब्राझीलच्या वायव्येला, वाउपेस नदीच्या खोऱ्यात बोलली जाणारी तारियाना भाषा. भाषाशास्त्रज्ञ अलेक्सांद्रा आयखेनवाल्ड यांनी तिचं व्याकरण लिहिलं आहे. ‘झुसे फुटबॉल खेळला’ हे साधं वाक्य तारियानात तसंच मोकळं सोडता येत नाही. खेळताना पाहिलं असेल तर क्रियापदाला ‘-का’ लागतो. दिसलं नाही, नुसता आवाज ऐकला, तर ‘-माह्का’. चेंडू जागेवर नाही, त्याचे बूटही नाहीत, त्यावरून ताडलं, तर ‘-निह्का’. रविवारची दुपार आहे, तो घरी नाही आणि रविवारी तो खेळतोच, एवढ्यावरून गृहीत धरलं, तर ‘-सिका’. दुसऱ्याने सांगितलं, तर ‘-पिदाका’. आणि या प्रत्ययांत काळही मिसळलेला आहे. मी दिले ते नजीकच्या भूतकाळाचे. अशा भाषेत ‘तो खेळला, याचं भाषांतर सांगा’ असा प्रश्नच अपुरा ठरतो. आधी प्रसंग सांगावा लागतो: कुणी पाहिलं, काय दिसलं, केव्हा. प्रश्नावली घेऊन गेलेल्या अभ्यासकाला प्रसंगाविना जे वाक्य मिळतं, त्यात बोलणाऱ्याने मनातल्या मनात कोणता तरी प्रसंग कल्पून घेतलेला असतो. तो कोणता, हे विचारलं नाही तर प्रत्ययाचा अर्थ चुकीचा नोंदला जातो.

सर्वांत जास्त होणारी चूक मात्र वेगळी आहे. ऐकीव माहितीचा प्रत्यय दिसला की त्याचं भाषांतर ‘कदाचित’ असं करून टाकायचं. स्रोताच्या जागी शंका बसवायची. शंकेचे शब्द, म्हणजे ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असावा’, बोलणाऱ्याची खात्री किती ते मोजतात. स्रोतदर्शक प्रत्ययाला खात्रीशी देणंघेणं असेलच असं नाही.

याचा सुंदर पुरावा पेरूमधल्या कुस्कोच्या केचुआ भाषेतून मिळतो. भाषाशास्त्रज्ञ मार्टिना फालर यांनी 2002 सालच्या आपल्या प्रबंधात त्याचं बारकाईने विश्लेषण केलं. तिथे ‘-सि’ हा ऐकीव माहितीचा प्रत्यय आहे. त्यातलं एक वाक्य मराठीत साधारण असं होईल: ‘त्यांनी म्हणे माझ्यासाठी ढीगभर पैसे ठेवलेत, पण एक सोलही ठेवलेला नाही.’ सोल म्हणजे पेरूचं चलन. बोलणाऱ्याला बातमी खोटी असल्याचं पक्कं ठाऊक आहे, तरी वाक्य निर्दोष आहे. आता त्याच जागी ‘कदाचित’ घालून पाहा: ‘कदाचित त्यांनी ढीगभर पैसे ठेवलेत, पण एकही ठेवलेला नाही.’ वाक्य स्वतःशीच भांडतं. ‘कदाचित’ म्हणताना ती शक्यता मी माझ्या अंगावर घेतो. ‘-सि’ लावताना ते विधान माझं राहत नाही. मी ते फक्त पुढे ठेवतो.

आणि लक्षात घ्या, मी भाषांतर करताना ‘म्हणे’ सहज वापरलं आणि ते चाललं. म्हणून मला ‘म्हणे’ला ‘पालुपद’ किंवा ‘बोलीतली सवय’ म्हणून बाजूला सारणं अजिबात मान्य नाही. अभंगाच्या शेवटच्या ओळीत कवीच्या नावापुढे येणारा ‘म्हणे’ हे पूर्ण क्रियापद आहे. तिथे म्हणणारा कर्ता हजर आहे. ‘पाऊस पडणार म्हणे’ यातला कर्ता गळून गेला आहे. इथे ‘म्हणे’चं ‘म्हणतात’ केलं तर अर्थ जवळपास राहील, पण ते पुन्हा क्रियापद होईल, ज्याला ‘कोण?’ हा कर्ता हवा असतो. नुसतं ‘म्हणे’ लिंग, वचन, काळ सगळं सोडून बसलं आहे, आणि वाक्यात हवं तिथे सरकतं: ‘तो म्हणे उद्या येणार’, ‘तो उद्या येणार म्हणे’.

प्रश्नात त्याचं वागणं आणखी बोलकं आहे. ‘तिथे काय झालं म्हणे?’ असं मी विचारलं, तर ऐकीव माहिती माझी नाही, तुमची अपेक्षित आहे. तुमच्या कानावर काय आलं, तेवढं सांगा. विधानात स्रोत बोलणाऱ्याचा, प्रश्नात ऐकणाऱ्याचा: स्रोतदर्शक प्रत्यय असलेल्या अनेक भाषांत हीच अदलाबदल सापडते.

प्रथम पुरुषातही तसंच. तुर्की भाषेत ‘-मिश’ हा प्रत्यय स्वतः न अनुभवलेल्या गोष्टीला लागतो, मग ती ऐकलेली असो वा खुणेवरून ताडलेली. तोच स्वतःबद्दल वापरून ‘उयुमुशुम’ म्हटलं, तर अर्थ होतो ‘मला झोप लागली होती की!’ म्हणजे कळलं ते जागं झाल्यावर. ‘मी म्हणे झोपेत बडबडतो’ यातही मी आणि माझं कृत्य यांच्यात हेच अंतर पडतं.

फरक एकच, पण मोठा. तारियानात प्रत्यय टाळता येत नाही. ‘म्हणे’ आपण कधीही गाळू शकतो. गाळलं म्हणून ‘मी स्वतः पाहिलं’ असा दावा होत नाही. म्हणून आयखेनवाल्ड यांच्या काटेकोर व्याख्येने मराठीला पूर्ण स्रोतव्यवस्था आहे असं म्हणता येणार नाही. पण ‘म्हणे’ला ‘असं ऐकलंय’च्या रांगेतही बसवता येणार नाही, हे नकाराने आणि ‘खोटं!’ने दाखवलं आहे.

त्याच वाटेवर मला आणखी एक शब्द दिसतो. खुंटीवर कोट टांगलेला पाहून आपण म्हणतो, ‘आलाय वाटतं.’ तुर्की माणूस नेमक्या याच प्रसंगी ‘-मिश’ लावून ‘गेलमिश’ म्हणतो. आता ‘मला वाटतं, तो आलाय’ हे शेजारी ठेवा. हे कोट न दिसताही, निव्वळ अंदाजाने म्हणता येतं, आणि त्यावर ‘तुला वाटतं, मला नाही वाटत’ असं उत्तर मिळू शकतं. ‘आलाय वाटतं’ला ते उत्तर बसत नाही. तिथे उत्तर येतं, ‘नाही, कोट कालपासून तिथेच आहे.’