कर्ज फेडावं की एसआयपी करावी?

मंडळी, वाकडला फ्लॅट घेतलेल्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका जोडप्याचं उदाहरण घेऊ. कर्ज 50 लाख, मुदत 20 वर्षं, फ्लोटिंग व्याज 8.5 टक्के. हप्ता येतो 43,391 रुपये. घरखर्च भागून महिन्याला 10,000 उरतात. ते कर्जात भरायचे की इक्विटी फंडात घालायचे?

कर्जात भरले, तर 20 वर्षांचं कर्ज 12 वर्षं 10 महिन्यांत फिटतं आणि जवळपास 22 लाख व्याज वाचतं. हा आकडा ऐकला की माणूस भारावतो. दुसरीकडे, 12 टक्के परतावा धरला, तर 10,000 च्या एसआयपीचे 20 वर्षांत सुमारे 99 लाख होतात, आणि तो आकडा ऐकणारा फंडाकडे वळतो. पण हे दोन आकडे शेजारी ठेवणंच चूक आहे. कर्ज लवकर फेडणाऱ्याचा हप्ता शेवटची सात वर्षं वाचतो, आणि त्या पैशाचं काय होतं हे पहिल्या हिशेबात कुठंच येत नाही.

म्हणून असे दोन कर्जदार धरा आणि दोघांच्या खिशातून 20 वर्षं दरमहा सारखेच 53,391 जाऊ द्या. पहिला आधी कर्ज संपवतो आणि मग पूर्ण रक्कम फंडात टाकतो. दुसरा पहिल्या महिन्यापासून हप्ता आणि 10,000 ची एसआयपी दोन्ही चालवतो. फंडाने दरवर्षी 12 टक्के दिले, तर 20 वर्षांनी पहिल्याकडे सुमारे 72 लाख असतात आणि दुसऱ्याकडे 99. सध्याच्या नियमानं सव्वा लाखावरच्या दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के कर लागतो. सगळी रक्कम शेवटी एकदम काढली असं धरून तो वजा केला, तर अंतर 27 वरून 21 लाखांवर येतं. फंडाने 7 टक्केच दिले, तर करानंतर पहिलाच सुमारे 9 लाखांनी पुढे राहतो. दोघांची बरोबरी होते ती परतावा 9 टक्क्यांच्या जरा वर असताना. म्हणजे खरा प्रश्न एवढाच: 9 च्या वर जे काही मिळेल त्यासाठी किती अनिश्चितता सोसायची?

कर्जातला 8.5 टक्के परतावा पक्का आहे. दर बदलला तर तो बदलतो, पण बाजार पडला म्हणून तो बुडत नाही. इक्विटीत 12 टक्के ही सरासरीची अपेक्षा आहे, कोणी दिलेला शब्द नव्हे. जानेवारी 2008 मध्ये सेन्सेक्स 21,000 च्या आसपास होता आणि मार्च 2009 मध्ये 8,000 च्या आसपास. अशी पडझड एसआयपीच्या दुसऱ्या वर्षी आली तर फारसं बिघडत नाही, कारण जमा रक्कम लहान असते आणि पुढचे हप्ते स्वस्तात लागतात. अठराव्या वर्षी आली, तर सगळ्या साठ्यावरच घाव बसतो. शिवाय मंदी आली की बाजार आणि नोकरी दोन्ही एकदम डळमळू शकतात, हप्ता मात्र थांबत नाही. नवरा-बायको दोघांचे पगार एकाच उद्योगातून येत असतील, तर मी पक्क्या परताव्याला जास्त वजन देईन.

करसवलतीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. ‘व्याजावर सूट मिळते, मग फेडायचं कशाला?’ असं पुष्कळ जण म्हणतात. राहत्या घराच्या व्याजाची सूट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तीही वर्षाला 2 लाखांपर्यंतच. या जोडप्याचं पहिल्या वर्षाचं व्याज 4 लाख 20 हजारांच्या आसपास आहे. कर्ज एकाच्याच नावावर असेल, तर 2 लाखांवरच्या व्याजावर छदामही वाचत नाही. त्यामुळे आगाऊ भरलेल्या रुपयाची कमाई पूर्ण 8.5 टक्केच राहते. शिल्लक कर्ज साडेतेवीस लाखांखाली गेलं, की मग सूट खरोखर कमी होऊ लागते. जुन्या प्रणालीत असाल तर तिथून पुढे फंडाचं पारडं जड होतं. कर्ज दोघांच्या नावावर असेल आणि दोघंही सूट घेत असतील, तर ही वेळ बरीच आधी येते.

आता प्रत्यक्ष कृती. सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते आधी बाजूला ठेवा, कारण कर्जात भरलेला पैसा साध्या गृहकर्जात परत मागता येत नाही. अडीअडचणीला तो काढता यावा असं वाटत असेल, तर ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज विचारा. त्याचा दर बहुधा थोडा जास्त असतो. व्यक्तीच्या फ्लोटिंग गृहकर्जावर आगाऊ परतफेडीचा दंड आकारता येत नाही. रक्कम भरताना मात्र ‘हप्ता तोच, मुदत कमी’ असं लेखी द्या. बँकेने हप्ता कमी केला आणि वाचलेले पैसे खर्चात गेले, तर वरचा सगळा हिशेब कोलमडतो. पंधरा दिवसांनी परतफेडीचं नवं वेळापत्रक मागवून शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आली का, हे स्वतः पाहा.