ऐकलेला शब्द कोशात सापडत नाही, तेव्हा नेमके काय करावे?

नमस्कार. गेले काही महिने प्रत्येक व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येत आहे: शब्द कानावर पडला, लिहिलेला कधी पाहिला नाही, कोशात शोधला आणि मिळाला नाही, तर पुढे काय करायचे? आपल्या सोलापुरात हा प्रश्न जरा अधिक येतो, कारण एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी घरे असतात आणि तोच मराठी शब्द चार दारांत चार प्रकारे ऐकू येतो.

वर्णमालेचा क्रम आपल्याला येतो, असे मी गृहीत धरतो. स, श, ष यांची अदलाबदल करून पाहावी, न आणि ण, ल आणि ळ यांची करावी, ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही तपासावेत, हेही बहुतेकांना ठाऊक आहे. एवढेच लक्षात ठेवा की मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. त्यामुळे ‘कळ’ हा शब्द ‘कल’च्या शेजारी न सापडता बराच पुढे सापडू शकतो, आणि अनेक छापील कोशांत क्ष व ज्ञ यांना तर अगदी शेवटी जागा दिलेली असते. ‘ज्ञ’चे शब्द ज मध्ये शोधून ‘हा कोश अपुरा आहे’ असा शेरा मारणाऱ्या दर्शकांनी कृपया शेवटची पाने उघडावीत.

आता ज्या पायरीवर बहुतेकांचे अडते, तिच्याकडे येतो. ती माझ्याच फजितीतून सांगतो.

मी लहान असताना शेजारच्या आजी पूजेच्या वेळी मला म्हणायच्या, “सानेवर चंदन उगाळून दे.” वस्तू मला ओळखता येत होती: गोल, गुळगुळीत दगड, त्यावर थोडे पाणी आणि चंदनाचे खोड. पुढे शाळेत निबंध लिहिताना तो शब्द हवा होता म्हणून मी कोश उघडला आणि ‘सान’ पाहिला. तेथे अर्थ होता लहान. ‘लहानसान’ म्हणतो त्यातला ‘सान’. दगड लहान असतो, म्हणून त्याला सान म्हणत असतील, असे मी मनाशी ठरवले आणि निबंधात तसे लिहूनही टाकले. शब्द मिळाला होता, अर्थही ओढून-ताणून बसला होता, आणि तरीही तो शब्द चुकीचा होता. न सापडलेल्या शब्दापेक्षा असा चुकीचा सापडलेला शब्द अधिक त्रास देतो, कारण आपण शोध तेथेच थांबवतो.

काय करायला हवे होते, ते क्रमाने पाहू. ऐकलेले रूप ‘सानेवर’ होते. त्यातील ‘वर’ काढला की ‘साने’ उरते, आणि हे सामान्यरूप आहे. ज्या शब्दांचे सामान्यरूप ‘ए’ने संपते, ते बहुधा अकारान्त स्त्रीलिंगी नाम असते: वीट, विटेवर, जीभ, जिभेवर, सून, सुनेला. म्हणजे मला हवे होते स्त्रीलिंगी नाम, आणि ‘सान’ तर विशेषण निघाले. एवढ्यावरच तो शब्द बाद करायला हवा होता. पुढे न च्या जागी ण आणि स च्या जागी श घालून पाहिले की तीन उमेदवार येतात. ‘शान’ म्हणजे ऐट. तिच्यावर चंदन उगाळता येत नाही. ‘शाण’ हा संस्कृत शब्द आहे आणि त्याचा अर्थ धार लावण्याचा दगड. येथे दगड आला, म्हणजे आपण जवळ पोहोचलो, पण चंदन अजून आलेले नाही. ‘साण’ ऐकण्याशी जुळतो, पण माझ्या शालेय कोशात तो नव्हता.

आता कानाने काय गाळले असेल, याचा विचार करावा लागतो. मराठीत दोन स्वरांच्या मधला ह बोलताना फार सहज पुसला जातो. ‘शहाणा’ला आपण सर्रास ‘शाणा’ म्हणतो. मग ‘साण’च्या मागे ‘सहाण’ असू शकेल का? कोशात ‘सहाण’ आहे, ते स्त्रीलिंगी नाम आहे आणि अर्थ दिला आहे चंदन उगाळण्याचा दगड. लिंग जुळले, अर्थ जुळला, आणि ऐकलेले रूप त्यातून कसे तयार झाले हेही सांगता आले. या तिन्ही गोष्टी जुळेपर्यंत शब्द सापडला असे मी आता मानत नाही.

यात माझ्या मदतीला काय आले, ते पाहा. सुटा ‘सान’ हातात असता, तर मी आजही तेथेच अडकलो असतो; आजींचे पूर्ण वाक्य आठवत होते, म्हणून ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय, त्यामागचा ‘ए’ आणि चंदन मिळाले. दर्शकहो, मी प्रतिक्रियांत पुन्हा पुन्हा विनंती करतो की शब्द सुटा विचारू नका, वाक्य लिहा. तिचे कारण हे आहे.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहू. आपण बोलताना ऐकतो ते बहुतेक वेळा शब्दाचे मूळ रूप नसते आणि कोशात मात्र मूळ रूपच असते. आपल्या गावाचेच नाव घ्या. ‘सोलापूर’मधला पू दीर्घ आहे, पण ‘सोलापुरात’ म्हटले की तो ऱ्हस्व होतो. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराचा इकार किंवा उकार दीर्घ लिहितात आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: मूल, मुलाला, फूल, फुलात. म्हणून ‘मुलाला’ ऐकून ‘मुल’ शोधणाऱ्याला तो शब्द मिळत नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत. ‘गुण’ आणि ‘विष’ मूळ रूपातही ऱ्हस्वच राहतात, तर ‘जीव’ ‘जीवाला’मध्येही दीर्घ राहतो.

आता आपल्या मागांवरचे उदाहरण घेतो. विणकराच्या घरी ‘सूत’ म्हणजे धागा. हा मराठी शब्द, म्हणून दीर्घ. ‘सुत’ म्हणजे पुत्र. हा संस्कृत शब्द, म्हणून ऱ्हस्व. बोलताना या दोघांत फरक करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. गंमत पुढे आहे: ‘सुताचा’ हे रूप दोघांचेही सारखेच होते, म्हणजे येथे कानच काय, लेखनही आपल्याला वाचवत नाही. धागा की पुत्र, हे आजूबाजूचे शब्दच सांगतात. एका ताईंनी लिहिले होते की शुद्धलेखन नीट शिकले तर समोच्चारी शब्दांचा प्रश्नच उरणार नाही. त्यांना आदरपूर्वक हे एकच रूप दाखवावेसे वाटते.

याच संदर्भात गड्ड्याच्या यात्रेनंतर आलेली एक प्रतिक्रिया आठवते. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर चालणाऱ्या भक्तांच्या अंगात पांढरी बाराबंदी असते. बाहेरगावच्या एका दर्शकाने हा शब्द ध्वनिक्षेपकावर ऐकला, ‘बंदी’ कोशात पाहिला, मनाई असा अर्थ वाचला आणि यात्रेत कोणत्या बारा गोष्टींना मनाई असते, असे विचारले. प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी हसलो नाही. येथे ‘बंद’ म्हणजे कपड्याला असलेली बांधायची नाडी, आणि बारा बंदांचा अंगरखा तो बाराबंदी. निवेदकाने ‘पांढरी बाराबंदी घालून’ असे म्हटले होते. बंदीही घातली जाते हे खरे, परंतु ‘पांढरी’ हे विशेषण मनाईला लागत नाही.

जुन्या कोशांविषयी थोडेसे. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 मधली आहे आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश 1932 पासून प्रसिद्ध होऊ लागला. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मात्र आजचे लेखन साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनुसार चालते, आणि त्याआधी न उच्चारला जाणारा अनुस्वारही लिहीत असत. तेथे ‘नाव’ऐवजी ‘नांव’ आणि ‘केळे’ऐवजी ‘केळें’ शोधावे लागते. आणखी एक सोय आहे. मोल्सवर्थमध्ये अर्थ इंग्रजीत असल्याने उलट्या दिशेनेही जाता येते: शब्द सापडत नसेल, तर अर्थाच्या मजकुरात sandal शोधावे आणि आलेल्या नोंदींतून कानाशी जुळणारी निवडावी.

आता रोमन लिपी. येथे माझा संयम थोडा सुटतो, ते समजून घ्या. Sholapur आणि Solapur ही एकाच गावाची दोन लेखने आहेत. इंग्रजांच्या काळातील कागदपत्रांत पहिले आढळते. 1884 चा जिल्हा गॅझेटिअरही Sholapur याच नावाने छापलेला आहे. बार्शीच्या छोट्या रेल्वेचे नाव Barsi असे लिहीत. जुन्या सूचीत आजचे लेखन घालून ‘काहीच माहिती नाही’ म्हणणे योग्य नव्हे. ज्या काळातला कागद, त्या काळातले लेखन शोधावे. याच्या उलट, Sholapur वाचून पुन्हा देवनागरीत ‘शोलापूर’ लिहिणाऱ्यांना आमच्या गावातला कोणीही माणूस दुरुस्त करील.

गावांची नावे तरी मोजकी असतात. सामान्य शब्दांचे हाल अधिक होतात. मागच्या आठवड्यात एका दादांनी विचारले, “khal mhanje kay?” रोमन लिपीत ल आणि ळ एकच, खा आणि ख यांतही अनेक जण फरक करत नाहीत, म्हणजे खल, खळ आणि खाल हे तिघेही त्या चार अक्षरांत बसतात. मी घाईत उत्तर दिले की खल म्हणजे दुष्ट. वाक्य विचारायला हवे होते, पण इतरांना दिलेला सल्ला मी स्वतःच पाळला नाही. दोन दिवसांनी त्यांचे उत्तर आले: “amche ajoba mhanayche, sutala khal dili ka.”

आता पाहा. ‘दिली’ आहे, म्हणजे शब्द स्त्रीलिंगी. ‘खल’ म्हणजे दुष्ट किंवा कुटण्याचा खल, दोन्ही पुल्लिंगी, म्हणून दोन्ही बाद. आजोबा मागावरचे असतील, तर ‘sutala’ म्हणजे धाग्याला, पुत्राला नव्हे. धाग्याला देण्याची स्त्रीलिंगी वस्तू म्हणजे ‘खळ’, ळ ने लिहिलेली, म्हणजे विणण्यापूर्वी ताण्याचे सूत तुटू नये म्हणून त्याला लावतात ती पिठाची पेज. दादांनी आजोबांचे आडनाव आणि गल्लीही लिहिली होती, ती मी येथे वाचत नाही. मात्र त्यांच्या आजोबांना मी दोन दिवस दुष्ट ठरवून ठेवले, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो आणि ती जुनी प्रतिक्रिया आजच दुरुस्त करतो.