इंडेक्स १५ वर्षं जागेवरच, मग पैसे कसे वाढले? | टोटल रिटर्न आणि प्राइस रिटर्न

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं बसूया आणि बोलूया. प्रश्न असा, की फंडाच्या कागदावर इंडेक्सच्या नावापुढे टीआरआय असं काहीतरी लिहिलेलं असतं ते काय, आणि बातम्यांत जो आकडा सांगतात तो हाच का. तर नाही, हाच नाही.

बेसिक पटकन उरकतो. इंडेक्समधल्या कंपन्यांच्या फक्त शेअरच्या भावाची हालचाल मोजली तर तो प्राइस रिटर्न. त्याच कंपन्यांनी दिलेला डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, परत त्याच इंडेक्समध्ये गुंतवला असं धरून मोजलं तर टोटल रिटर्न, म्हणून टोटल रिटर्न इंडेक्स, टीआरआय. झालं. एवढं सगळ्यांना माहिती असतं आणि तरी खाली कमेंट येते, "सर डिव्हिडंड असतो किती, दोन-तीन टक्के, त्याने काय फरक पडतो". या वाक्याचा मला खरंच वैताग येतो, त्यामुळे आजचा जवळपास सगळा व्हिडिओ याच्यावरच आहे, आधीच सांगतो.

सुरुवात एका दिवसापासून करूया. समजा इंडेक्स काल १००० ला बंद झाला. आज त्यातल्या एका मोठ्या कंपनीची एक्स-डेट आहे, म्हणजे आजपासून जो शेअर घेईल त्याला हा डिव्हिडंड मिळणार नाही. साहजिकच आज शेअरचा भाव साधारण तेवढ्याने खाली उघडतो, कारण कंपनीच्या तिजोरीतून तेवढी रोकड बाहेर जाणार हे ठरलंय. समजा या डिव्हिडंडची इंडेक्सच्या हिशोबात किंमत होते ४ पॉइंट, आणि बाकी बाजारात आज काहीच घडलं नाही. प्राइस इंडेक्स बंद होतो ९९६ ला. बातमीत काय सांगणार? बाजार घसरला. अहो, कुठे घसरला? शेअर ज्याच्याकडे होता त्याचं काहीच गेलेलं नाही, ४ पॉइंट या खिशातून त्या खिशात गेले. प्राइस इंडेक्सला दुसरा खिसाच नाही, एवढाच काय तो प्रकार. टोटल रिटर्नचं सूत्र स्क्रीनवर टाकतो, घाबरू नका, एकाच ओळीचं आहे.

```
TR(आज) = TR(काल) × (P(आज) + D(आज)) / P(काल)
```

P म्हणजे प्राइस इंडेक्स, D म्हणजे आजच्या एक्स-डेटचा डिव्हिडंड, पॉइंटमध्ये. कालचा टोटल रिटर्नही १००० धरला तर १००० गुणिले ९९६ अधिक ४, भागिले १०००, म्हणजे पुन्हा १०००. हलला नाही. आता उद्या बाजार १ टक्का वाढला तर प्राइस इंडेक्स ९९६ वरून १००५.९६ ला जाईल आणि टोटल रिटर्न १०१० ला. फरक आज ४ होता, उद्या ४.०४ होईल. हे चार दशांश शून्य चार काय बघत बसायचं असं वाटेल, पण डिव्हिडंडवर वाढ सुरू झाली ती इथेच.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण यावर दोन जण कमेंटमध्ये भांडले होते. आलेला डिव्हिडंड परत त्याच कंपनीत गुंतवतात असं काही नाही. तो अख्ख्या इंडेक्समध्ये, ज्याचं जेवढं वजन त्या प्रमाणात पसरतो. सूत्रातच दिसतंय बघा, भागाकार पूर्ण इंडेक्सच्या P ने आहे. भांडण मिटलं असं समजतो.

बरं, आता तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने, कारण सूत्र बघून कोणाला काही पटत नाही, मलाही नाही पटलं. पॉइंट विसरा, युनिट मोजा. तुमच्याकडे इंडेक्सचे १०० युनिट आहेत, भाव १०००. भाव वर्षभर तिथेच राहिला आणि प्रत्येक युनिटमागे ३० डिव्हिडंड आला. आले ३०००, त्यात ३ युनिट घेतले, झाले १०३. पुढच्या वर्षी डिव्हिडंड १०० युनिटवर नाही, १०३ वर येतो, म्हणजे ३०९०, त्याचे ३.०९ युनिट, झाले १०६.०९. असं चालू ठेवा. भाव तसाच १०००, एक पॉइंट वाढलेला नाही, तरी १५ वर्षांनी युनिट १५५.८ होतात आणि ३० वर्षांनी २४२.७.

आता जो म्हणतो "मी डिव्हिडंड खर्च करत नाही, नुसता बँकेत पडू देतो, एकच झालं की", त्याचं बघू. व्याज सोडून देऊ. त्याला दर वर्षी तेवढेच ३०००. १५ वर्षांनी त्याच्याकडे १४५ युनिटएवढा पैसा, ३० वर्षांनी १९० एवढा. पंधराव्या वर्षी दोघांत फरक सुमारे ११ चा, तिसाव्या वर्षी जवळजवळ ५३ चा. वेळ दुप्पट, फरक पाचपट. "दोन-तीन टक्क्याने काय होतं" याचं उत्तर हे आहे. एका वर्षात खरंच काही होत नाही, ते मी मान्य करतो.

आणि युनिटच्या भाषेत बोलण्याचा खरा फायदा तर पुढे आहे. भाव वाढणाऱ्या बाजारातही हेच लागू पडतं. समजा भाव दर वर्षी ५ टक्के वाढतो आणि डिव्हिडंड भावाच्या २ टक्के. ३० वर्षांत भाव ४.३२ पट. युनिट १.०२ चा तिसावा घात, म्हणजे १.८१ पट. या दोघांचा गुणाकार करा, ७.८ पट येतं. बेरीज नाही, गुणाकार! प्राइस इंडेक्सने तुम्हाला ४.३ सांगितलं आणि खरं होतं ७.८. त्यामुळे कुठल्याही टोटल रिटर्न इंडेक्सला त्याच्याच प्राइस इंडेक्सने भागलं, दोन्ही एकाच दिवशी एकाच आकड्यावर आणून, की जे उरतं ते असतं तुमच्या युनिटची संख्या किती पट झाली ते. मी हा भागाकार नेहमी करून बघतो, कारण तो बाजार पडो वा चढो, फक्त वरच जातो.

आता खरी केस. लंडनचा एफटीएसई १००. ३० डिसेंबर १९९९ ला तो ६९३०.२ ला बंद झाला, डॉटकॉमची हवा होती तेव्हा. मग फुगा फुटला, मार्च २००३ मध्ये ३२८७. पुन्हा वर आला, २००८ चं संकट आलं, मार्च २००९ मध्ये परत ३५०० च्या आसपास. आणि १९९९ चा तो बंद भाव ओलांडला कधी, तर २४ फेब्रुवारी २०१५ ला, ६९४९.६३. पंधरा वर्षं दोन महिने, आणि वाढ २० पॉइंटसुद्धा नाही. त्या दिवशी सगळीकडे एकच सूर, की शिखरावर घेतलं त्यांचे पंधरा वर्षांनी कसेबसे मुद्दल परत आले.

पण त्या पंधरा वर्षांत त्या कंपन्या डिव्हिडंड देतच होत्या ना. तेल कंपन्या, बँका, औषध कंपन्या, तंबाखू कंपन्या, हा इंडेक्स डिव्हिडंडसाठीच ओळखला जातो. आपण हिशोबाला सरासरी ३ टक्के धरू, म्हणजे आपलंच वरचं उदाहरण: १०० चे १५५ च्या पुढे. प्राइस चार्ट आडवी रेघ दाखवतोय आणि पैसे दीडपट झालेत. शिवाय २००३ आणि २००९ मध्ये जे डिव्हिडंड गुंतले गेले ते जवळजवळ निम्म्या भावाला, तेवढ्याच पैशात दुप्पट युनिट. भारी परतावा आहे असं मी म्हणत नाही हां, पंधरा वर्षांत दीडपट म्हणजे वर्षाला तीनेक टक्के, महागाई वजा केली तर हातात फारसं उरत नाही. पण शून्य आणि दीडपट यात फरक आहे, आणि जो फक्त चार्ट बघून "शेअर बाजारात पंधरा वर्षं काही मिळालं नाही" म्हणतो तो चुकीचं सांगतोय.

याच्या उलट गंमत जर्मनीच्या डॅक्सची. बातम्यांत जो डॅक्स सांगतात तो मुळात टोटल रिटर्न आहे, डिव्हिडंड आत धरलेला. अमेरिकेचा एस अँड पी ५०० मात्र बातम्यांत प्राइस असतो. आता लोक काय करतात, एका चार्टवर ^GDAXI म्हणजे डॅक्स आणि ^GSPC म्हणजे एस अँड पी ५०० टाकतात, वीस वर्षांची तुलना करतात आणि खाली दोन देशांच्या अर्थव्यवस्थेवर निबंध लिहितात! अहो, एकाला डिव्हिडंड धरलाय, दुसऱ्याला नाही. डॅक्सशी तुलना करायची तर एस अँड पी ५०० चा टोटल रिटर्न, ^SP500TR, घ्या, किंवा डॅक्सचाही प्राइसवाला इंडेक्स वेगळा निघतो, कुर्सइंडेक्स नावाचा, तो ^GSPC समोर ठेवा.

हीच फसवणूक फंडातही होते. आमचे मेहुणे एकदा जेवताना अर्धा तास सांगत होते, त्यांच्या फंडाने इंडेक्सला दर वर्षी एक टक्क्याने मागे टाकलं. मी विचारलं कुठल्या इंडेक्सला, तर बातमीतल्याच. फंडाकडे शेअर असतात, त्यांचा डिव्हिडंड फंडात येतो, तो वाटला नाही तर एनएव्हीत, म्हणजे फंडाच्या युनिटच्या किमतीतच जमा होतो. म्हणजे फंड डिव्हिडंडसकट आणि इंडेक्स डिव्हिडंडशिवाय. इंडेक्सचा डिव्हिडंड दीड टक्का असेल तर तो "एक टक्क्याने पुढे" असलेला फंड प्रत्यक्षात अर्धा टक्का मागे आहे. मेहुणे दोन दिवस बोलले नाहीत, असो.

आता मर्यादा, कारण टीआरआय म्हणजे देववाणी नाही. तो एक्स-डेटलाच डिव्हिडंड गुंतवतो, तुमच्या खात्यात पैसे यायला त्यानंतर बरेचदा काही आठवडे जातात. त्याला ब्रोकरेज नाही. आणि साधा, म्हणजे ग्रॉस टीआरआय असेल तर करही नाही. म्हणून एमएससीआयसारखे इंडेक्सवाले एकाच इंडेक्सचे तीन अवतार देतात, प्राइस, ग्रॉस आणि नेट. नेटमध्ये परदेशी गुंतवणूकदाराचा डिव्हिडंडवर कापला जाणारा कर वजा करून उरलेलाच गुंतवतात. फंडाचा कागद वाचताना यातला कुठला घेतलाय ते बघा, कारण नेटला मागे टाकणं ग्रॉसपेक्षा सोपं असतं.

शेवटची कमेंट घेतो, "मग जास्त डिव्हिडंड देणारेच शेअर घ्यायचे का?" नाही हो. ते ९९६ आठवा. डिव्हिडंड भावातूनच निघतो, वरून कोणी टाकत नाही. कंपनीने तेच पैसे आत ठेवून नीट वापरले किंवा बायबॅक केला, म्हणजे स्वतःचेच शेअर परत विकत घेतले, तर ते भावात दिसतील आणि प्राइस-टोटलमधली दरी कमी दिसेल, बस. दरी मोठी आहे म्हणजे इंडेक्स चांगला असं नव्हे. आणि अजून एक जण विचारतोय, टीआरआयचा आकडा प्राइस इंडेक्सपेक्षा इतका वर आहे म्हणजे बाजार महाग झालाय का? त्या आकड्याचा महाग-स्वस्ताशी काही संबंध नाही, तो फक्त जास्त वर्षं डिव्हिडंड साठवून मोठा झालाय. पीई, म्हणजे भाव कमाईच्या किती पट आहे ते, काढायचा तो प्राइस इंडेक्सवरच.