कांदेबागेची दुरुस्ती कुठे जाते?

मंडळी, मागच्या आठवड्यात रावेरकडचे एक शेतकरी भाऊ माझ्याकडे आले आणि मोबाईल पुढे करून म्हणाले, "सर, हे यंत्र शिकत का नाही? मी रोज शिकवतो, ते रोज विसरतं." आजचं बोलणं त्यांच्या त्या प्रश्नावरच आहे.

झालं होतं असं. त्यांनी चॅटबॉटला विचारलं, "कांदेबागेला आता कोणतं खत देऊ?" आपल्याकडे जून-जुलैत लावतात ती केळीची मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात ती कांदेबाग, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. यंत्राने मात्र कांद्याच्या पिकाचं खत सांगितलं. भाऊंनी अंगठा खाली केला आणि लिहिलं, "कांदेबाग म्हणजे केळी, कांदा नव्हे." यंत्राने माफी मागितली, "यापुढे लक्षात ठेवीन" असंही लिहिलं आणि त्या दिवशी शेवटपर्यंत केळीबद्दलच नीट बोललं. दुसऱ्या दिवशी नवी चॅट उघडली, तर पुन्हा कांदा.

पहिल्या दिवशी ते नीट का बोललं, हे आधी समजून घेऊ. तुम्ही नवा संदेश पाठवता तेव्हा तो एकटा जात नाही. त्या चॅटमधलं वरपासूनचं बोलणं त्याच्यासोबत पुन्हा पाठवलं जातं आणि मॉडेल, म्हणजे चॅटबॉटमागची उत्तरं रचणारी प्रणाली, ते सगळं वाचून पुढचं उत्तर तयार करतं. भाऊंची दुरुस्ती त्या मजकुरात होती, म्हणून तिचा परिणाम दिसला. नव्या चॅटमध्ये तो मजकूर नसतो. चॅट फारच लांबली, तर एका मर्यादेनंतर सुरुवातीचा भागही वाचनातून सुटू शकतो, आणि मग त्याच चॅटमध्ये कांदा परत येतो.

मॉडेलचं स्वतःचं ज्ञान वेगळ्या जागी असतं. ते असतं प्रशिक्षणात ठरलेल्या प्रचंड आकड्यांमध्ये. मेटाने २०२४ मध्ये खुल्या केलेल्या लामा ३.१ च्या सर्वांत मोठ्या मॉडेलमध्ये असे ४०५ अब्ज आकडे आहेत. आपण गप्पा मारतो तेव्हा हे आकडे फक्त वापरले जातात, बदलले जात नाहीत. तुमच्यासाठी आणि धुळ्यातल्या माणसासाठी एकच संच चालतो. भाऊंच्या एका वाक्याने तो बदलायला लागला, तर कुणी खोडसाळपणे उलटं शिकवलं तरी तो बदलेल. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ट्विटरवर 'टे' नावाचा बॉट सोडला होता. लोकांनी त्याच्याकडून इतकं घाणेरडं बोलवून घेतलं की एका दिवसाच्या आत तो बंद करावा लागला.

मग खाली केलेला अंगठा जातो कुठे? कंपनीच्या नोंदींत. पुढे अशा असंख्य नोंदी चाळून त्यातल्या काही नव्या आवृत्तीच्या प्रशिक्षणात वापरल्या जाऊ शकतात. भाऊंची नोंद त्यात येईलच असं नाही. शिवाय नुसता अंगठा "हे आवडलं नाही" एवढंच सांगतो. खताचं प्रमाण चुकलं, भाषा कठीण वाटली की पीकच चुकलं, हे त्यातून कळत नाही. आणि अंगठ्यांवर फार भिस्त ठेवली तर काय होतं, तेही दिसलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने चॅटजीपीटीचं एक अद्यतन काही दिवसांतच मागे घेतलं, कारण ते लोकांच्या होला हो करू लागलं होतं. वापरकर्त्यांच्या अंगठ्यांना प्रशिक्षणात दिलेलं वजन हे त्याचं एक कारण असावं, असं कंपनीनेच नंतर लिहिलं.

भाऊ म्हणाले, "पण तिसऱ्या दिवशी त्याने केळीच सांगितली की!" इथे बरेच जण फसतात. एकाच प्रश्नाला मॉडेल दर वेळी तंतोतंत तेच उत्तर देत नाही, कारण शब्द निवडताना थोडा यदृच्छेचा भाग असतो. शिवाय मी त्यांचा तिसऱ्या दिवसाचा प्रश्न वाचला, तर त्यात "घड" हा शब्द होता. कांद्याला घड कुठला? पारखायचं असेल तर मेमरीची सोय बंद करा, चार-पाच कोऱ्या चॅट उघडा आणि तोच प्रश्न अक्षरही न बदलता विचारा. आम्ही पाच वेळा विचारलं, त्यात तीनदा कांदा आला.

मेमरीची सोय म्हणजे तरी काय? तुमच्या खात्याखाली जपून ठेवलेली मजकुराची टिपणं. ती नव्या चॅटमध्ये तुमच्या प्रश्नाआधी जोडली जातात. आकडे तसेच राहतात. म्हणून भाऊंच्या मोबाईलवर आम्ही कायमच्या सूचनांच्या रकान्यात एक वाक्य लिहिलं: "मी रावेर तालुक्यातला केळी उत्पादक आहे, कांदेबाग म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळी." त्यानंतरच्या चॅटमध्ये केळी आली. त्यांच्या मुलाने शेजारी बसून स्वतःच्या खात्यावरून तोच प्रश्न विचारला, त्याला कांद्याचं खत मिळालं.

जाताना भाऊंनी विचारलं, "मग 'लक्षात ठेवीन' असं ते म्हणालं कशाला?" चूक दाखवल्यावर माणसं असंच म्हणतात, आणि मॉडेल माणसांच्याच लिखाणावर घडलं आहे. दुरुस्तीनंतर शोभेल असं वाक्य त्याने रचलं. ते वाक्य लिहिताना पुढच्या चॅटसाठी कुठेही काही नोंदवलं गेलं नव्हतं.