हापूसच्या फोडी, वाटीतला रस आणि फडक्यावरचा चोथा

(दृश्य: रत्नागिरीजवळच्या एका घराची माजघराची खोली. भाताच्या पेंढ्यातली अढी उघडली जातेय.)

मे महिन्याचा दुसरा आठवडा. अढीतले आंबे पिकलेत आणि घरभर वास सुटलाय. घरातल्या आजींनी आमच्यासाठी आज नऊ हापूस बाजूला काढलेत. आकाराने जवळजवळ सारखे, प्रत्येकी पाव किलोच्या आसपास. त्यांचे तीन-तीनचे वाटे केले.

पहिल्या वाट्याच्या फोडी केल्या. दुसरा वाटा हातात घोळवून मऊ केला, देठाकडचा चीक काढून टाकला आणि रस पिळून पुरणयंत्रातून काढला. तिसऱ्या वाट्याचाही तसाच रस काढला, पण त्यात पाणी घालून तो मलमलच्या फडक्यातून गाळला. साखर कशातच घातली नाही.

(दृश्य: तीन भांडी शेजारी शेजारी – फोडींची ताटली, रसाची वाटी, गाळलेल्या रसाचा पेला. मागे फडक्यावर उरलेला चोथा.)

साल आणि बाठा गेला की पाव किलोच्या आंब्यात साधारण दीडशे ग्रॅम गर उरतो. पिकलेल्या आंब्याच्या शंभर ग्रॅम गरात साखर असते अंदाजे 14 ते 15 ग्रॅम. म्हणजे एका आंब्यात बावीसेक ग्रॅम आणि तीन आंब्यांत साठ-पासष्ट. या तिन्ही भांड्यांत साखर जवळपास तेवढीच आहे, कारण पिळून किंवा गाळून ती कुठे जात नाही. थोडीफार चोथ्याला चिकटून राहते, एवढंच. तरीही या तीन भांड्यांना शरीर एकसारखा प्रतिसाद देत नाही.

आजींना विचारलं, यातलं सगळ्यात आधी काय संपेल?

त्या म्हणाल्या, "पेला. फोडी खाताना एका आंब्यावर हात थांबतो हो. रस मात्र माणूस तीन आंब्यांचा घेतो आणि वर आणखी वाढ म्हणतो."

(दृश्य: फोड खाणारी मुलगी. सालीला लागलेला गर दातांनी ओढून काढतेय.)

आजी जे म्हणाल्या, ते 1977 साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात मोजून पाहिलं गेलं. डॉ. केनेथ हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी सफरचंद तीन रूपांत दिलं: अख्खं फळ, त्याचा लगदा आणि चोथा पूर्ण काढलेला रस. प्रत्येक वेळी पिष्टमय पदार्थ आणि साखर मिळून 60 ग्रॅम पोटात जाईल, असं प्रमाण ठेवलं. आपल्या तीन हापूसइतकंच. निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

लोकांनी रस संपवला तो अख्ख्या सफरचंदाच्या अकरापट वेगाने आणि लगद्याच्या चौपट वेगाने. पोट सगळ्यात जास्त भरल्यासारखं वाटलं सफरचंदाने, त्याखालोखाल लगद्याने आणि सगळ्यात कमी रसाने. मग संशोधकांना शंका आली की हा नुसता घाईने पिण्याचा परिणाम असेल. म्हणून तिन्ही पदार्थ सारख्याच वेळात संपवायला लावले. तरीही पोट भरल्याच्या भावनेतला फरक राहिला.

यापुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो नेहमीच्या समजुतीपेक्षा वेगळा आहे. तिन्ही वेळा रक्तातली साखर जवळपास सारख्याच उंचीला चढली. फरक पडला तो त्यानंतर. रस प्यायल्यावर इन्सुलिन जास्त सुटलं आणि चढलेली साखर झपकन खाली घसरली, अगदी सुरुवातीच्या पातळीच्याही खाली. लगद्यानंतरही ती घसरली, पण कमी. अख्ख्या सफरचंदानंतर अशी घसरण दिसलीच नाही.

(दृश्य: कोऱ्या कागदावर हाताने काढलेल्या तीन रेषा. चढ तिन्हींचा सारखा, उतार वेगवेगळा.)

असं का होतं, हे पाहायला फोडीच्या आत जावं लागेल.

आंब्याचा गर असंख्य बारीक पेशींचा बनलेला असतो. साखर विरघळलेली असते ती या पेशींच्या आत, आणि प्रत्येक पेशीभोवती भिंत असते. ती सेल्युलोज आणि पेक्टिन यांची. आपल्याला या भिंती पचवता येत नाहीत, आणि त्याच भिंतींना आपण फायबर म्हणतो. रायवळ आंबा चोखताना दातांत अडकतात ते दोरे म्हणजेच फायबर, असं अनेकांना वाटतं आणि मग हापूसमध्ये फायबर नाही असा समज होतो. पण साखरेला अडवण्याचं काम त्या दोऱ्यांपेक्षा जास्त करतात या न दिसणाऱ्या भिंती आणि त्यांतलं पेक्टिन. पेरूची जेली जमते तीही पेक्टिनमुळेच. एका हापूसच्या गरात फायबर भरतं दोन-अडीच ग्रॅमच. आकडा लहान आहे, पण साखर त्याच्या आत कोंडलेली आहे.

फोड चावली की काही पेशी फुटतात, बऱ्याचशा तशाच गिळल्या जातात. जठर हे तुकडे घुसळत राहतं आणि साधारण दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झाल्याशिवाय सहसा पुढे सोडत नाही. त्यामुळे फोडींचा माल लहान आतड्यात थोडा थोडा पोचतो. पेल्यातल्या रसात दळायचं काहीच शिल्लक नसतं, म्हणून तो पोटात गेल्या गेल्या पुढे सरकायला लागतो.

आतड्यात दुसरा अडथळा असतो. आंब्यातली साखर मुख्यतः सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातल्या साखरेचाच प्रकार. आतड्याच्या आतल्या अस्तरावर तिचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि मगच ते शोषले जातात. म्हणजे साखरेला त्या अस्तरापर्यंत पोचायला हवं. पेक्टिनमुळे आतड्यातला द्रव दाटसर होतो आणि त्यातून अस्तराशी पोचायला साखरेला वेळ लागतो. काही साखर तर अजून न फुटलेल्या पेशींमधून झिरपून बाहेर यायची असते. गाळलेल्या रसात यातलं फार थोडं उरतं. विरघळलेलं जरासं पेक्टिन खाली उतरतं, पण भिंती फडक्यावरच राहतात.

(दृश्य: आजी फडकं पिळतायत. चोथ्याचा गोळा बोटांनी उलगडून कॅमेऱ्यासमोर धरलेला – पिवळा, भुसभुशीत, अजून ओलसर.)

मग मधल्या वाटीचं काय? आपला आमरस ब्रिस्टलच्या लगद्याच्या जागी आहे. त्यातलं फायबर कुठे गेलेलं नाही, पण पुरणयंत्राने भिंती फोडल्यात आणि कोंडलेली साखर मोकळी केलीय. म्हणून आमरसाला फळांच्या रसात ढकलणं बरोबर नाही आणि फोडींइतका सावकाश समजणंही बरोबर नाही. मिक्सरमध्ये फिरवला तर भिंती आणखी बारीक होतात. वाटीत वरून दोन चमचे साखर पडली, तर दहाएक ग्रॅम अशी साखर वाढते जी कधी पेशीत नव्हतीच.

कोकम सरबताचा मात्र इथे संबंध नाही. रातांब्याच्या सालीत स्वतःची साखर थोडीच. अमृत कोकममधला गोडवा बरणीत थरांनी घातलेल्या साखरेचा. सोलकढीत आगळ आणि नारळाचं दूध असतं, तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

(दृश्य: बोटाला टोचून साखर मोजणारं छोटं मशीन.)

मधुमेह असलेल्या घरांत एक प्रयोग हमखास होतो. आंबा खाऊन तासाने साखर मोजायची, रस पिऊन तासाने मोजायची, आणि आकडे सारखे आले की म्हणायचं, काही फरक नाही. या मोजणीत दोन गोष्टी निसटतात. मशीनला दिसतं ते फक्त ग्लुकोज. सुक्रोजचा अर्धा भाग असलेलं फ्रुक्टोज मुख्यतः यकृताकडे जातं आणि मशीनच्या आकड्यात फारसं येत नाही. दुसरं म्हणजे एकाच वेळी केलेली मोजणी चढ-उतार दाखवू शकत नाही. तुलना करायचीच असेल, तर आंबा आणि रस दोन्ही वेळा वजनाने सारखे घ्यायला हवेत आणि खाण्याआधी, मग अर्ध्या, एक, दोन आणि तीन तासांनी मोजायला हवं. दुपारी रस पिऊन चारच्या सुमाराला गळल्यासारखं होत असेल, पुन्हा काहीतरी गोड खावंसं वाटत असेल, तर त्या वेळचा आकडा जरूर पाहावा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी तो आकडा डॉक्टरांना दाखवावा.

दीर्घकाळाचं चित्र 2013 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसतं. अमेरिकेतल्या परिचारिका आणि इतर आरोग्य कर्मचारी अशा 1 लाख 87 हजारांहून अधिक लोकांची माहिती त्यात होती. अख्खी द्राक्षं, सफरचंद आणि ब्लूबेरी जास्त खाणाऱ्यांमध्ये टाइप 2 मधुमेह कमी आढळला, फळांचा रस जास्त पिणाऱ्यांमध्ये थोडा जास्त. सगळी फळं सारखी निघाली नाहीत, आणि आंब्याची वेगळी नोंद त्यात नव्हती. शिवाय असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र 2015 पासून हाच भेद मानते: रसातली साखर ती मर्यादित ठेवायच्या साखरेत धरते, अख्ख्या फळातली धरत नाही.

(दृश्य: दुपार. पडवीत जेवणाची पंगत. पानात पुरी, बटाट्याची भाजी, रसाची वाटी.)

रस जेवणाबरोबर घेतला की तुपामुळे, तळणीमुळे जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून तोच रस उपाशीपोटी प्यायल्यापेक्षा हळू शोषला जातो. पण पुरीचं पीठही शेवटी ग्लुकोजच होतं. मधुमेह असलेल्यांनी त्या दिवशी वाटी लहान घ्यावी आणि पुऱ्या कमी कराव्यात. अर्ध्या आंब्याच्या फोडी घेतल्या, तर हिशेब आणखी सोपा होतो: दहा-अकरा ग्रॅम साखर, तीही आपल्या भिंतींसकट.

एका प्रसंगी मात्र हे सगळं उलटं करायचं. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर 70 च्या खाली गेली, दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, तर तिथे सावकाशपणा नको असतो. त्या वेळी फोडी देऊ नयेत, दूध-बिस्किटं शोधत बसू नये. 15 ग्रॅम साखर लगेच पोटात जाईल असं द्यावं: अर्धा पेला गाळलेला रस किंवा तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून. 15 मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि अजूनही 70 च्या खालीच असेल, तर तेवढंच पुन्हा द्यावं. साखर वर आली की मग थोडं जेवण द्यावं. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. थेट दवाखाना गाठावा.