पाणी घरात नेमकं शिरतं कुठून?

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून धरली जाते. पण २०२५ साली तो २६ मेलाच येऊन धडकला. तेव्हा गच्चीची डागडुजी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं, आणि त्यावर रसायनाचा थर द्यायचा तर पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो. म्हणजे गळती शोधायची वेळ मेच्या पहिल्या पंधरवड्यातली.

शोधायची, असं मी मुद्दाम म्हणतो. आपल्याकडे डाग दिसला की थेट दुरुस्तीलाच हात घालतात. छताला पुट्टी लावतात, गच्चीवर चकचकीत रंग मारतात, आणि जुलैत डाग पुन्हा हजर. पाणी ज्या वाटेनं येतंय ती वाट कुणी पाहिलेलीच नसते.

आज एवढं करा. छतावर किंवा भिंतीवर डाग असेल तर त्याच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. भर उन्हाळ्यातही डाग ओलसर असेल, रेघेबाहेर पसरत असेल, तर तो पावसाचा नाही. वरच्या घरातलं न्हाणीघर किंवा नळाची पाईप तपासा. पाऊस पडल्यावर तासाभरात डाग वाढला आणि थांबल्यावर लगेच आटायला लागला, तर पाणी एखाद्या मोकळ्या वाटेनं, म्हणजे पाईपच्या सांध्यातून किंवा मोठ्या भेगेतून येतंय. आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी ठिबकतंच राहिलं, भिंतीला पांढरा लोणा फुटला, तर गच्चीच्या कोब्यात पाणी मुरलंय आणि तिथून ते सावकाश झिरपतंय. तीन आजार आहेत, प्रत्येकाचं औषध वेगळं.

नेरुळमधल्या एका जुन्या चार मजली इमारतीचं उदाहरण सांगतो. वरच्या मजल्यावर, बेडरूमच्या कोपऱ्यात दर पावसाळ्यात डाग उठायचा. कारागीर म्हणाला, "काकू, सगळी गच्ची उखडून नवीन कोबा घालावा लागेल." खर्च ऐकून सोसायटीची कमिटी गप्प बसली. पण काकूंनी एक गोष्ट नीट पाहिली होती. जोराची सर आली की अर्ध्या तासात डाग ओला व्हायचा आणि सर थांबली की तितक्याच लवकर सुकायचा. वर, नेमकं त्याच कोपऱ्यात, गच्चीवरचं पाणी खाली नेणाऱ्या पाईपचं तोंड होतं.

मग गच्चीवर पाणी साठवून चाचणी घेतली. ऐन मेमध्ये अख्खी गच्ची भरण्याइतकं पाणी कुठून आणायचं? त्याची गरजही नसते. संशयित कोपऱ्याभोवती सिमेंटची चार बोटं उंचीची वरंबी घालायची, साधारण दहा फूट बाय दहा फूट. पाईपच्या तोंडात ओलं गोणपाट घट्ट कोंबायचं आणि दोन इंच पाणी भरायचं. त्याला पाचशे लिटरच्या आत पाणी लागतं. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे सिमेंटची गोलाई असते, कारागीर तिला वाटा म्हणतात. पाणी त्या वाट्यापर्यंत पोचलंच पाहिजे, कारण बऱ्याचदा भेग तिथेच असते.

आता यातली खुबी. शेजारी उन्हातच एक बादली पाण्यानं भरून ठेवायची आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीची खूण करायची. मेच्या उन्हात काही पाणी वाफ होऊन जाणारच. चोवीस तासांनी दोन्हीकडे पाणी जवळपास सारखंच उतरलेलं असेल, तर गच्चीवरचं पाणी उन्हानं नेलं. गच्चीवरचं बादलीपेक्षा ठळकपणे जास्त उतरलं असेल, तर ते आत गेलं.

नेरुळला दोन्ही खुणा सारख्याच उतरल्या आणि खालचं छत कोरडं राहिलं. म्हणजे कोबा ठणठणीत होता! मग गोणपाट ओढून काढलं, सगळं पाणी एकदम पाईपमध्ये सोडलं, आणि वीसेक मिनिटांत काकूंच्या कोपऱ्यात ओल उमटली. पाणी साठून राहताना गळत नव्हतं, वाहून जाताना गळत होतं. दोष पाईपच्या तोंडाखालच्या, स्लॅबच्या जाडीतल्या सांध्यात होता. तेवढा भाग फोडून नवा तुकडा बसवला, भोवती न आकसणारं सिमेंट भरलं, वाटा नव्यानं केला आणि पुन्हा हीच चाचणी घेतली. गच्ची उखडावी लागली नाही.

दोन पथ्यं मात्र पाळा. दोन इंच पाण्याचं वजन दर चौरस मीटरला सुमारे पन्नास किलो होतं. धड इमारतीला ते सोसतं. पण स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या असतील, खाली पोपडे सुटले असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी साठवू नका. तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीला संरचनेचं परीक्षण कायद्यानंच करून घ्यावं लागतं, तो अहवाल मागून पाहा. आणि वरच्या मजल्यावरच्यांनी हा खर्च एकट्यानं सोसायचा नसतो. गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाईप यांची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींनुसार सोसायटीचं काम आहे. तारखा लिहिलेल्या डागाचे फोटो जोडून लेखी अर्ज द्या.

खिडक्यांचं पाच मिनिटांत उरकतं, पण ते कुणी करत नाही याचं मला वाईट वाटतं. सरकत्या अॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या रुळात बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती धुळीनं आणि कबुतरांच्या पिसांनी बुजतात, रूळ भरतो आणि पाणी आत गादीवर येतं. लोक मात्र खिडकी गळते म्हणून काचेच्या कडेनं सिलिकॉन भरत बसतात. आपल्याकडचा जोराचा पाऊस बहुतेक नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. तेव्हा त्या बाजूच्या खिडक्यांपासून सुरुवात करा. जुन्या टूथब्रशनं रूळ घासा, भोकात तार फिरवा, मग रुळात तांब्याभर पाणी ओता. ते बाहेर पडताना दिसलं पाहिजे.

तळमजल्यावर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे पाणी खालून येतं. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा केलाय. पावसाचं पाणी धारण तलावात साठतं, भरतीला खाडीकडची झडपाची दारं मिटतात आणि ओहोटीला तलावातलं पाणी बाहेर पडतं. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाण्याला जायला जागा उरत नाही. ठाण्यातही खाडीलगतच्या नाल्यांचं तेच होतं. मग ते पाणी सोसायटीच्या चेंबरमध्ये चढतं आणि तुमच्या न्हाणीच्या जाळीतून, कमोडमधून वर येतं. जाळीतून बुडबुडे यायला लागले, कमोडमधलं पाणी आपोआप वरखाली व्हायला लागलं, की ओळखा. वाळू भरलेल्या जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या आधीच तयार ठेवा. एक न्हाणीच्या जाळीवर, दुसरी कमोडच्या आत दाबून बसवायची. कायमचा उपाय म्हणजे इमारतीच्या शेवटच्या चेंबरजवळ एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह. तो बसवायचं काम प्लंबरकडून आत्ताच करून घ्या, आणि दर पावसाळ्याआधी साफ करून घ्या, कारण त्यात एक चिंधी अडकली तरी तो मिटत नाही. नालेसफाई पालिका करते, पण आवारातले चेंबर उपसून घेणं सोसायटीच्याच गळ्यात असतं. आणि आवारात पाणी तुंबल्यावर निचरा व्हावा म्हणून चेंबरचं झाकण कधीही उघडू नका. गढूळ पाण्याखालचं उघडं चेंबर कुणालाच दिसत नाही.

त्याच आवारात जमिनीखालची पिण्याच्या पाण्याची टाकी असते. तिचं झाकण आवाराच्या जमिनीलगत असेल, तर तुंबलेलं पाणी सरळ टाकीत जाईल. झाकणाभोवती वीतभर उंच कट्टा बांधून घ्या. टाकीत बाहेरचं पाणी शिरल्याची नुसती शंका आली तरी टाकी उपसून धुईपर्यंत ते पिऊ नका. वीज गेली की पंप बंद आणि वरची टाकी काही तासांत रिकामी. म्हणून अंदाज वाईट असेल त्या दिवशी माणशी रोज तीन लिटर या हिशेबानं दोन दिवसांचं पिण्याचं पाणी आधीच भरून ठेवा.

खाण्याचं आपल्या आयाबहिणींना मी काय सांगणार! चिवडा, फुटाणे, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचे लाडू, दशम्या, सगळं चालतं. फक्त गॅस न पेटवता खाता येईल असं हवं, आणि हवाबंद डब्यात हवं, नाहीतर दमट हवेत चिवडा दोन दिवसांत मऊ पडतो. घरात रक्तदाबाची किंवा साखरेची औषधं चालू असतील तर आठवड्याच्या गोळ्या त्याच डब्यात ठेवा.

टॉर्च दोन हव्यात. एक उशाशी, एक दाराशी, आणि जागा घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवी. सेल टॉर्चमध्ये वर्षभर राहिले तर पाझरतात आणि आतली पत्री गंजते, म्हणून आत्ता उघडून पाहा. मोबाइलची बॅटरी उजेडासाठी खर्च करू नका. मीटरच्या खोलीत पाणी शिरलं तर मात्र टॉर्च घेऊनही आत जाऊ नका, १९१२ वर वीज कंपनीला कळवा.

आता कागद. घराचा करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, जातीचा दाखला, गुणपत्रिका, विम्याची पॉलिसी. हे बहुतेक घरांत पलंगाखालच्या बॅगेत किंवा कपाटाच्या तळच्या खणात असतं, म्हणजे पाणी सगळ्यात आधी पोचतं तिथे. जाड झिपच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत उलट्या तोंडानं घाला आणि कमरेच्या वर, गळक्या भिंतीपासून लांब ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका. कडेनं एकदा पाणी आत गेलं की तो कागद सुकवताच येत नाही. आधार आणि वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये ठेवता येतो आणि तो कायद्यानं मूळ प्रतीसारखाच मानला जातो. बाकीच्यांचे फोटो काढून परगावच्या एखाद्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवा.

आणि तरीही भिजलेच तर घाई करून चिकटलेली पानं सोडवू नका, इस्त्री फिरवू नका, उन्हात टाकू नका. जाडसर गठ्ठा तसाच टिपकागदावर किंवा स्वच्छ सुती कापडावर ठेवून पंख्याखाली सावकाश वाळू द्या, कापड ओलं झालं की बदला, आणि पानं आपोआप सुटायला लागली की एकेक करून वेगळी करा. बुरशी धरायला दोनेक दिवस पुरतात. तेवढ्या वेळात सगळं वाळवणं जमणार नसेल आणि वीज असेल, तर ओले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठल्यावर बुरशी वाढत नाही. पाऊस ओसरला की थोडे थोडे बाहेर काढून वाळवता येतात.

नमस्कार.